तासगावजवळचं कोल्ड स्टोरेज: एकाच प्रकल्पाचे दोन एनपीव्ही, आणि पाचव्या वर्षानंतरचं काय धरायचं?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तासगावपासून थोड्या अंतरावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. नुसता माळ, शेतीपुरतं पाणी नाही, पण रस्त्याला लागून. तिथे बेदाण्यासाठी चार चेंबरचं कोल्ड स्टोरेज बांधायचा विचार पक्का होत आलाय. प्रकल्प अहवाल एका सल्लागारांकडून करून घेतला. त्यातले आकडे खाली देतो, सगळे लाखांत.

आज खर्च ३००. पहिल्या वर्षी हातात राहणारे १८, दुसऱ्या वर्षी ४६, तिसऱ्या वर्षी ६२, चौथ्या वर्षी फक्त १२, पाचव्या वर्षी ७८. चौथ्या वर्षी मोठी दुरुस्ती धरलीय, ३८ लाखांची, म्हणून तो आकडा एवढासा आहे. दुरुस्ती नसती तर ५० झाला असता. पाचव्या वर्षानंतर धंदा चालूच राहणार म्हणून पुढच्या सगळ्या कमाईची एकरकमी किंमत, म्हणजे टर्मिनल व्हॅल्यू, १०१४ लाख धरलीय. पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर, म्हणजे डिस्काउंट रेट, १२ टक्के.

अहवालात एनपीव्ही, म्हणजे सगळ्या रकमा आजच्या किमतीत आणून खर्च वजा जाता उरणारा आकडा, ४२४.१ लाख दिलाय. मी तेच आकडे घरी एक्सेलमध्ये टाकले तर ३७८.७ आला. आकडे चार वेळा तपासले, टायपिंगची चूक नाही. पंचेचाळीस लाखांचा फरक कुठून आला? उद्या बँकेत साहेबांनी विचारलं तर उत्तर तरी देता आलं पाहिजे.

B2 मध्ये -300, B3 ते B6 मध्ये पुढची चार वर्षं आणि B7 मध्ये ७८ अधिक १०१४ मिळून १०९२ आहे. माझं सूत्र:

```
=NPV(12%,B2:B7)
```

हिशेबनीस

तुमचे आकडे बरोबर, सूत्र चुकलंय. एक्सेलचं NPV हे फंक्शन यादीतली पहिली रक्कम एका वर्षाने येणार असं समजतं. तुम्ही आजचे ३०० त्याच्या आत घातलेत, त्यामुळे त्याने ते ३०० पुढच्या वर्षी जाणार असं धरलं आणि बाकी सगळंही एकेक वर्ष पुढे ढकललं. म्हणजे तुमचा आकडा हा अहवालातल्या आकड्याला १.१२ ने भागून आलेला आहे. भागून बघा, ३७८.७ च येईल. आजचा खर्च बाहेर ठेवायचा:

```
=B2+NPV(12%,B3:B7)
```

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण माळरान, हात जोडून सांगतो, ४२४ हा आकडा घेऊन बँकेत जाऊ नका. तो बेरजेला बरोबर आहे, प्रकल्पाला बरोबर नाही. पहिल्या पाच वर्षांच्या रकमा आजच्या किमतीत आणल्या तर १६.१, ३६.७, ४४.१, ७.६ आणि ४४.३ होतात. बेरीज १४८.८. म्हणजे पाच वर्षांत तुमचे ३०० पैकी निम्मेसुद्धा वसूल होत नाहीत. बाकी सगळं, तब्बल ५७५ लाख, त्या एका १०१४ मधून आलेलं आहे. ते १०१४ कसे काढले हे अहवालात लिहिलंय का?

माळरान

हिशेबनीस, फार आभार. सूत्र बदललं आणि ४२४.१ आला.

१०१४ बद्दल अहवालात एकच ओळ आहे: पाचव्या वर्षाची ७८ ची रक्कम ४ टक्क्यांनी वाढवून ८१.१२, भागिले १२ वजा ४ म्हणजे ८ टक्के. मी विचारलं तर म्हणाले, ही जगभर वापरतात ती पद्धत आहे.

मीनल

पद्धत खरंच तीच आहे, आमच्या एमबीएला हीच शिकवली. पण मला इथे एक चूक दिसतेय. ८१.१२ ही सहाव्या वर्षाची रक्कम आहे ना? मग त्यावरून काढलेली टर्मिनल व्हॅल्यू सहा वर्षांनी डिस्काउंट करायला हवी. त्यांनी पाचच वर्षांनी केलीय. सहा वर्षांनी केली तर ५७५ ऐवजी ५१४ येतात. साठ लाख तिथेच कमी झाले.

आणि दादा, एवढ्या उसाभरीपेक्षा सोपं म्हणजे पाच वर्षांची सरासरी घ्यायची, ४३.२ येते, आणि सरळ वार्षिकीच्या गुणकाने गुणायचं. १२ टक्के, पाच वर्षं, गुणक ३.६०५.

अण्णा सोलापूरकर

मला एक कळत नाही. कर्जाचा हप्ता कुठे वजा केलाय? आमच्या गोठ्यासाठी मी कर्ज काढलं तेव्हा दुधाचं बिल हातात यायच्या आधी हप्ता कापला जायचा. वर्षाचा हिशेब करताना हप्ता सोडला तर कुणीही श्रीमंत दिसेल. ३०० लाखांतले २१० बँकेचे असतील तर त्याचा हप्ता वजा करून मग एनपीव्ही काढा. अर्ध्या रकमा उणे निघतील.

हिशेबनीस

अण्णा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याची जागा वेगळी. हप्ता भरता येईल का, कुठल्या महिन्यात ओढाताण होईल, हे बघायला वेगळा तक्ता लागतो आणि बँक तो मागतेच. चौथ्या वर्षी हातात १२ लाख येणार असतील आणि हप्ता त्याहून कितीतरी मोठा असेल, तर ते वर्ष कसं काढणार हे आजच ठरवावं लागेल. माळरान, हे अण्णांचं ऐकाच.

एनपीव्हीत मात्र हप्ता वजा करायचा नाही, कारण व्याज आधीच मोजलेलं आहे. १२ टक्के आले कुठून ते पाहा. माझा अंदाज, ७० टक्के कर्ज साडेदहाने आणि ३० टक्के स्वतःचे पैसे साडेपंधराच्या अपेक्षेने. एकाचे ७.३५, दुसऱ्याचे ४.६५, मिळून १२. बँकेचं व्याज त्या दरातच बसलंय. वर हप्ताही वजा केला तर तेच ओझं दोनदा पाठीवर घेतल्यासारखं होईल.

मीनल, सरासरीचं आधी सांगतो. ४३.२ गुणिले ३.६०५ म्हणजे १५५.७. खरी बेरीज १४८.८. सात लाख फुकट वाढले, कारण या प्रकल्पात मोठी रक्कम उशिरा येते आणि सरासरी ती अलीकडे ओढून आणते. वर्षं असमान असली की एकेक वर्ष वेगळंच मोजायचं, आणि पाच ओळींच्या तक्त्यात त्याचा त्रास तो काय.

सहा वर्षांचं तुमचं म्हणणं बऱ्याच जणांना पटतं, तरी ते चूक आहे. सहाव्या वर्षाची रक्कम भागिले दर वजा वाढ, हे सूत्र पहिली रक्कम एका वर्षाने हातात येणार असं धरूनच बनलेलं आहे. म्हणजे त्याचं उत्तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस उभं राहून दिसणारी किंमत असते. तिथून आजपर्यंत यायला पाचच वर्षं. सहा केली तर एक वर्ष दोनदा कापलं जातं.

मीनल

हं. म्हणजे सूत्राच्या आतच एक वर्ष कापलेलं असतं? मला अजून पुरतं पटलेलं नाही. सहाव्या वर्षीचे पैसे पाच वर्षांनीच कापले असं वाटतंय.

द्राक्षबाग

तुमच्या सूत्रातलं मला कळत नाही, पण बेदाणा कळतो. आमची सहा एकर बाग, रॅकवर माल सुकवतो आणि दरवर्षी कोल्ड स्टोरेजला ठेवतो. म्हणून माळरानभाऊंना दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ७८ लाखांचं वर्ष म्हणजे चारही चेंबर गच्च भरलेले दिसतात. तसं वर्ष येतं, नाही असं नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये माल शेडवर पसरलेला असताना अवकाळी आला की बेदाणा काळा पडतो. ऑक्टोबरात छाटणीनंतर पाऊस झाला तर बागेतच घड कमी. मग तुमच्याकडे येणारा मालच कमी. त्यात अशा वर्षी भाव चढा असतो, माणूस माल जास्त दिवस ठेवत नाही, सौद्याला काढून मोकळा होतो. भाडं महिन्यागणिक घेणार असाल तर तिथेही मार.

दुसरी, भाडं माल बाहेर काढताना मिळतं. आम्ही मार्च-एप्रिलात ठेवतो आणि पुष्कळांचा माल दिवाळीच्या तोंडावर निघतो. तोवर लाइटबिल तुम्हाला खिशातून भरावं लागणार. उन्हाळ्यातलं बिल काय असतं ते एखाद्या स्टोरेजवाल्याला विचारा.

माळरान

द्राक्षबाग, पाचव्या वर्षी ९८ टक्के भरलेलं धरलंय. तिसऱ्या वर्षी ८५. हे मी नीट पाहिलंच नव्हतं. अहवालाची शेवटची दोन पानं कुणी वाचत नाही असं झालं माझं.

हिशेबनीस

द्राक्षबागांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. शेवटच्या वर्षाची रक्कम घेऊन तिला अनंतकाळ चालवायचं म्हणजे ते वर्ष सर्वसाधारण असायला हवं. इथे चौथ्या वर्षी दुरुस्ती झालीय म्हणून पाचव्या वर्षी दुरुस्ती शून्य आहे, आणि पीकही भरघोस धरलंय. पाचातलं सर्वांत चांगलं वर्ष उचललं आणि तेच दरवर्षी येणार असं लिहिलं. हिशेब चौथ्या वर्षी थांबवला असता तर? मग त्याच पद्धतीने १२ लाखांवरून टर्मिनल व्हॅल्यू निघाली असती १५६. एका वर्षाच्या इकडेतिकडेने १५६ आणि १०१४. पद्धत तीच, प्रकल्प तोच.

तेव्हा आधी साधारण वर्ष कसं असेल ते ठरवूया. तिसरं, चौथं आणि पाचवं वर्ष दुरुस्तीपूर्वी ६२, ५० आणि ७८. सरासरी ६३. यातून काय काय जाईल? दुरुस्ती परत कधी येईल आणि यंत्रं कधी बदलावी लागतील हे मला सांगता येणार नाही. इथे कुणी प्लँट चालवणारं आहे का?

गारवा

आहे. अमोनिया प्लँटवर सव्वीस वर्षं काढलीत, आधी डेअरीत, आता कोल्ड स्टोरेजची देखभाल बघतो.

माळरानसाहेब, ३८ लाखांत काय काय धरलंय ते सांगा. आणि तिथलं बोअरचं पाणी कसं आहे?

माळरान

कॉम्प्रेसरचं पूर्ण काम, कंडेन्सरच्या नळ्या, दोन चेंबरचे दरवाजे आणि एका चेंबरची काही पॅनेल. पाणी जड आहे, घरच्या भांड्यांवर पांढरा थर बसतो.

गारवा

मग हे एकदाचं काम समजू नका. जड पाण्याने कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षारांचा थर धरतो. उष्णता बाहेर पडत नाही, हेड प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर तेवढ्याच थंडीसाठी जास्त वीज ओढतो. प्रेशर गेज रोज वहीत लिहिलं तर दोन हंगामांत चढ दिसतो. पाणी शुद्ध करायची सोय केली नाही तर चार वर्षांनी पुन्हा हाच खर्च येईल. कॉम्प्रेसरचं काम तर चाललेल्या तासांवरच ठरतं, ते चुकत नाही. म्हणून ३८ ला चारने भागा, वर्षाला साडेनऊ लाख बाजूला काढा.

दुसरं, पफ पॅनेल कायमची नसतात. जोडातून बाष्प आत शिरलं की आतलं इन्सुलेशन ओलं होतं आणि मग कितीही कॉम्प्रेसर चालवा, चेंबर चार डिग्रीला टिकत नाही. बाहेरून हात लावला की पॅनेल जोडापाशी गार लागतं आणि सकाळी तिथे दव दिसतं, ही खूण. नीट बसवलेली पंधरा ते वीस वर्षं जातात. तुमची यंत्रं आणि पॅनेल मिळून साधारण किती?

माळरान

१६० च्या आसपास. बाकी बांधकाम, ट्रान्सफॉर्मर, रस्ता वगैरे.

गारवा

मग १६० भागिले अठरा. वर्षाला नऊ लाख नूतनीकरणासाठी. हे अहवालात कुठेच दिसत नाही.

हिशेबनीस

फार मोलाची माहिती, गारवा. आता कर. पहिली पाच वर्षं घसारा मोठा असल्याने कर जवळपास पडत नाही, पुढे पडेल. ढोबळ साडेआठ लाख धरतो, तुमच्या सीएंकडून नक्की करून घ्या. ६३ मधून साडेनऊ, नऊ आणि साडेआठ गेले. उरले ३६. ही सहाव्या वर्षाची साधारण रक्कम.

वाढ ४ टक्के जास्त वाटते. चेंबर चारच राहणार, ते दरवर्षी ४ टक्क्यांनी मोठे होत नाहीत. वाढणार ते फक्त भाडं, आणि त्याच्या बरोबरीने वीज आणि हमाली. मी ३ धरतो. ३६ भागिले ९ टक्के, ४०० लाख. आजच्या किमतीत २२७. एनपीव्ही: वजा ३००, अधिक १४८.८, अधिक २२७, म्हणजे ७५.८ लाख.

आता १०१४ आणि ४०० यांतला कुठला आकडा खरा वाटतो हे तपासायची एक सोपी रीत आहे. आज नवं कोरं बांधायला ३०० लागतात. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर पाच वर्षांनी तेच बांधायला ४०० च्या आसपास लागतील. मग तुमचं पाच वर्षं वापरलेलं स्टोरेज दहा कोटींना कोण घेईल? शेजारच्या माळावर चार कोटींत नवं उभं राहत असताना? आणि खरंच एवढी कमाई होत असेल तर शेजारी ते बांधतीलच, मग तुमचं भाडं खाली येईल. ४०० सुद्धा मला वरच्या अंगाचाच वाटतो. जुन्याला नव्याएवढी किंमत आलीय ती जमीन त्यात आहे म्हणून.

मीनल, तुमच्यासाठी एक तक्ता केला. सूत्र बाजूला ठेवलं आणि सहाव्या वर्षापासून ३६, मग ३७.०८, अशा ३ टक्क्यांनी वाढणाऱ्या रकमा एकेक लिहून प्रत्येकीला तिच्या तिच्या वर्षाने आजपर्यंत आणलं. सहावीला सहा वर्षं, सातवीला सात. अशी चाळीस वर्षं बेरीज केली तर २१९ लाख येतात. तुमच्या पद्धतीने अनंतकाळाची किंमत २०३ निघते. चाळीस वर्षांची बेरीज अनंताहून मोठी कशी असेल?

मीनल

आता पटलं! मीही एक्सेलमध्ये करून पाहिलं, २१९ च. वर्षं वाढवत गेले तर २२७ च्या जवळ जाऊन थबकतं. इतके दिवस मी सहाच लिहीत होते, परीक्षेतसुद्धा.

अजून एक दिसलं. त्या २२७ पैकी १२९ तर सहाव्या ते पंधराव्या वर्षातच येतात. म्हणजे अनंतकाळ म्हटलं तरी निम्म्याहून जास्त किंमत पुढच्या दहा वर्षांचीच आहे.

अण्णा सोलापूरकर

व्याज दरात बसलंय हे समजलं. पण साडेपंधरा टक्के? अहो, स्वतःची जमापुंजी अवकाळीच्या भरवशावर टाकायची आणि साडेपंधरा मागायचे? गोठ्यात मी पंचवीस टक्क्यांशिवाय म्हैस घेत नाही. एक म्हैस भाकड गेली की वर्ष जातं.

हिशेबनीस

यात अण्णांशी माझं दुमत नाही. स्वतःच्या पैशावर २२ टक्के धरले तर एकूण दर १४ च्या आसपास जातो. १४ ने पाच वर्षांचे १४०.७ होतात, टर्मिनल व्हॅल्यू ४०० वरून ३२७ वर येते आणि तिची आजची किंमत १७०. एनपीव्ही १०.७ लाख. वाढ ३ ऐवजी २ धरली तर वजा साडेतीन. दोन टक्के इकडे, एक टक्का तिकडे, आणि ७५ लाखांचे शून्य झाले. दरातला बदल टर्मिनल व्हॅल्यूला दोनदा लागतो, एकदा ती काढताना आणि एकदा मागे आणताना, म्हणून ती एवढी हलते.

आणि माळरान, जमीन कुठे आहे? ३०० मध्ये जमीन दिसत नाही.

माळरान

जमीन घरचीच आहे. विकत घ्यायची नाही म्हणून धरली नाही. रस्त्याला लागून आहे, आज विकली तर साठेक लाख येतील.

हिशेबनीस

मग आजच्या खर्चात ६० लिहायला हवेत. खिशातून जात नसले तरी स्टोरेज बांधलं की ते ६० मिळायचा रस्ता बंद होतो. ७५.८ चे १५.८ उरतात. १४ टक्के आणि २ टक्क्यांच्या हिशेबात वजा ६३.५.

द्राक्षबाग

हे मात्र मला मान्य नाही. वाडवडिलांची जमीन कोण विकतं? ती तिथे पडून होती, कुसळं उगवत होती. माळरानभाऊ ती विकणारच नसतील तर साठ लाख कसले? त्यातून आज वर्षाला शून्य मिळतंय. मग खर्चही शून्यच धरायचा.

हिशेबनीस

द्राक्षबाग, खरंच कधीच विकणार नसतील तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग टर्मिनल व्हॅल्यू काढताना जमिनीसकट विकण्याची गोष्ट करता येणार नाही. एका टोकाला जमीन फुकट आणि दुसऱ्या टोकाला तिची किंमत जमेला, हे चालणार नाही. दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडे सोडा.

माळरान

घरात यावर काल रात्री बराच वेळ चर्चा झाली. वडील म्हणतात विकायची नाही. धाकटा भाऊ म्हणतो त्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय आणि त्याचा अर्धा वाटा आहे. म्हणजे ३० लाखांचा प्रश्न तर खराच आहे.

गारवा

मला अनंतकाळ ही कल्पनाच झेपत नाही. प्लँटला वय असतं. मी असतो तर वीस वर्षं एकेक लिहून काढली असती आणि विसाव्या वर्षी मशिनरी भंगारात, जमीन तेवढी शिल्लक, असं धरलं असतं. मग नूतनीकरणाचे नऊ लाख दरवर्षी बाजूला काढायचीही गरज नाही, कारण नवं करायचंच नाही. ३६ ऐवजी ४५ धरा. हे बसतं का हिशेबात?

हिशेबनीस

उत्तम बसतं, आणि या प्रकल्पाला तेच जास्त शोभतं. सहाव्या ते विसाव्या वर्षापर्यंत ४५ पासून ३ टक्क्यांनी वाढत जाणाऱ्या रकमा, १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत २०३. जमिनीचे आजचे ६० खर्चात धरले आणि ती ६ टक्क्यांनी वाढली तर वीस वर्षांनी १९२ होते, पण आजच्या किमतीत त्याचे वीसच लाख. सगळं मिळून: वजा ३६०, अधिक १४८.८, अधिक २०३, अधिक २०. उरतात ११.८ लाख. अनंतकाळ धरून जमिनीसह १५.८ आले होते. दोन वेगळ्या वाटांनी आपण जवळपास एकाच ठिकाणी आलो, म्हणून या आकड्यांवर माझा ४२४ पेक्षा कितीतरी जास्त विश्वास आहे.

उलट बाजूही बघून ठेवा. पाचव्या वर्षी धंदा बंद करावा लागला, आणि यंत्रं, पॅनेल नि बांधकामाचे ७० आणि जमिनीचे ८० आले, तर आजच्या किमतीत ८५. तेव्हा एनपीव्ही वजा १२६.

मीनल

सबसिडी धरलेली नाही ना यात? फलोत्पादन अभियानातून ३५ टक्के मिळते असं ऐकलंय. ३०० चे ३५ टक्के म्हणजे १०५ लाख. सगळं चित्रच पालटेल.

हिशेबनीस

३५ टक्के तुमच्या खर्चावर मोजत नाहीत, योजनेने ठरवलेल्या दर टनाच्या खर्चावर मोजतात. तो तुमच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असू शकतो. शिवाय ती कर्जाशी जोडलेली आहे आणि मागाहून येते. आज हातात येणार असं धरून वरच्या ३०० मधून वजा करू नका. मंजुरीचं पत्र आल्यावर तिची वेगळी ओळ करा, ज्या वर्षी येईल त्या वर्षात.

द्राक्षबाग

माळरानभाऊ, एक सुचवू? चारऐवजी दोनच चेंबर आधी बांधा. पाया चारचा घ्या. दोन हंगाम बघा किती भरतं ते. आमच्या गटात चाळीसेक बागायतदार आहेत, कुणी कुठल्या वर्षी किती बॉक्स ठेवले आणि कधी काढले याच्या पावत्या बहुतेकांकडे आहेत. मागच्या आठ वर्षांच्या मी गोळा करून देतो. त्यात अवकाळीची वर्षंही येतील.

गारवा

दोन चेंबर चालतील, पण कॉम्प्रेसर चारच्या मापाचा घेऊ नका. अर्ध्या लोडवर मोठं मशीन चालवलं तर विजेत मार खाल. दोन लहान घ्या, दुसरं नंतर.

माळरान

द्राक्षबाग, पावत्या मिळाल्या तर उपकार होतील. मी रविवारी येतो, येताना वहीच घेऊन येतो.

सल्लागारांना फोन केला होता. ३६ चा हिशेब ऐकून म्हणाले, बँकेला मोठा आकडा आवडतो. मी त्यांना दोन चेंबरचा तक्ता नव्याने करायला सांगितलंय, वीस वर्षांचा, दुरुस्तीची ओळ दर चौथ्या वर्षी, आणि ९८ टक्क्यांच्या जागी पावत्यांवरून निघेल तो आकडा. हिशेबनीस, एक शंका उरलीय. दोनच चेंबर केले तर खर्च निम्मा होणार नाही, रस्ता आणि ट्रान्सफॉर्मर तेवढाच लागेल. उरलेले दोन तिसऱ्या वर्षी बांधायचे की नाही हे तेव्हा ठरवणार. मग ते तिसऱ्या वर्षीचे खर्च आज तक्त्यात लिहायचे की सोडायचे?

हिशेबनीस

दोन तक्ते करा, एक लिहून आणि एक सोडून. तिसऱ्या वर्षी नाही म्हणायची मोकळीक हीच दोन चेंबरची खरी कमाई आहे, आणि साध्या एनपीव्हीत ती दिसत नाही. तिची किंमत कशी लावायची यावर मला थोडा वेळ द्या, पावत्या आल्या की त्यांवरूनच करून बघू.